मदत हवी आहे: सव्वा महिन्याचं बाळ, रोज संध्याकाळी रडारड. गॅस आहे की दुसरं काही?

मुक्ता_नाशिक
मुलगी ५ आठवड्यांची आहे. सिझेरियन झालंय. फक्त अंगावरचं दूध, वरचं काहीच नाही. जन्माचं वजन २.९ किलो होतं, या शुक्रवारी ४.२ भरलं. दिवसभर बरी असते. संध्याकाळी साडेसहाला जे सुरू होतं ते साडेनऊ-दहापर्यंत. पाय पोटाशी घेते, तोंड लालबुंद, पोट गच्च, मध्येच वारा सरतो. पाजायला घेतलं की पहिल्या मिनिटातच ठसका लागतो, सोडते, दूध तिच्या तोंडावर उडतं, परत धरते. पिताना टक टक आवाज येतो. शी दिवसाला ६-७ वेळा, हिरवट, फेसाळ, फटकन होते. शू भरपूर.
दोन्ही बाजू पाजायच्याच असं सांगितल्यामुळे घड्याळ लावून ५-५ मिनिटं देते. मग ढेकरासाठी अर्धा अर्धा तास थोपटत बसतो, तरी कधी निघतो, कधी नाही. सासूबाई बाळगुटी सुरू करायची म्हणतायत. शेजारणीने पोटदुखीच्या थेंबांची बाटलीही आणून दिलीय, अजून दिलेले नाहीत. नेमकं काय करू, आणि डॉक्टरकडे कधी पळायचं?

गोदाकाठ
तुम्ही काय खाताय ते बघा आधी. वाल, पावटा, कोबी, हरभऱ्याची डाळ पूर्ण बंद. आईला वात झाला की दुधातून बाळाला होतोच. बेंबीभोवती कोमट पाण्यातला हिंग लावा, आणि पोटावरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने तेल चोळा. पाय सायकलसारखे फिरवा, वारा सरतो.

वेदांतचे_बाबा
बाटलीचं बूच बदलून बघा. छिद्र मोठं असेल तर दूध भसकन येतं आणि हवा आत जाते. एक नंबरचं स्लो फ्लो घ्या.

मुक्ता_नाशिक
@वेदांतचे_बाबा बाटली नाहीच हो, अंगावर पाजते.

स्वाती_स्तनपान
गंमत अशी की वेदांतच्या बाबांनी प्रश्न चुकीचा वाचला, पण दुखणं बरोबर पकडलं. इथे दूध भसकनच येतंय.
मुक्ता, आधी वजन बघू. ३५ दिवसांत १३०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ३७ ग्रॅम. या वयात २० ते ३० ग्रॅम चांगले समजतात, आणि पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं ते धरलं तर तिची वाढ याहूनही जास्त आहे. त्यात सुरुवातीलाच ठसका, उडणारं दूध, हिरवी फेसाळ शी. दूध कमी पडण्याचं हे चित्र नव्हे. दूध जास्त आहे आणि पान्हा जोरात फुटतोय. सुरुवातीचं दूध पातळ असतं, त्यात साखर तेवढीच पण स्निग्धांश कमी. स्तन रिकामा होत जातो तसा स्निग्धांश वाढतो. पाच मिनिटांनी बाजू बदलली की तिला दोन्हीकडचं पातळ दूधच मिळतं. ते आतड्यातून भराभर पुढे सरकतं, न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, तिथे गॅस होतो आणि शी फेसाळ होते. पातळ दूध वाईट नाही, त्याच्या जोडीला नंतरचं पोटात जात नाही, एवढीच अडचण.
म्हणून घड्याळ बाजूला ठेवा. एकच बाजू द्या, ती स्वतःहून सोडेपर्यंत. ढेकर काढा आणि तीच बाजू पुन्हा दाखवा. अजून हवं असेल तरच दुसरी. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने सुरू करा. दुसरी बाजू जड झाली तर हाताने थोडं दूध काढा, मोकळं वाटेल इतकंच. पूर्ण रिकामी केलीत तर शरीराला आणखी दूध बनवायचा निरोप जातो.
पान्हा फुटला की झिणझिण्या येतात, ती ठसकते. त्या क्षणी तिला अलगद सोडवा, पहिला जोराचा फवारा दुपट्यात जाऊ द्या आणि मग पुन्हा लावा.
आता टक टक. बहुतेक वेळा हा आवाज म्हणजे जिभेची पकड सुटते आहे आणि तेवढ्यात हवा आत जाते आहे. बाळाचं नाक निपलच्या समोर आणा, तोंड मोठं उघडायची वाट बघा, मग हनुवटी आधी स्तनात रुतेल असं जवळ घ्या. निपलभोवतीचा काळा भाग वरच्या ओठापाशी जास्त दिसावा, खालच्या ओठाकडे जवळजवळ नाही. खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गाल भरलेले हवेत, गालात खळ्या पडायला नकोत. पिऊन झाल्यावर निपल लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं दिसलं तर पकड उथळ होती.

मुक्ता_नाशिक
निपल अगदी तसंच चपटं होतं! टाक्यांमुळे मी वाकून पाजते. कसं बसू?

स्वाती_स्तनपान
वाकून पाजता, तिथेच अडतंय. पाठीमागे उशा लावून अर्धवट रेलून बसा, आरामखुर्चीत रेलतो तेवढं. बाळाला पालथं तुमच्या छातीवर घ्या, पोटाला पोट, कान-खांदा-कंबर एका रेषेत. धड थोडं तिरकं ठेवा म्हणजे पाय टाक्यांवर येणार नाहीत. डोकं निपलच्या वरच्या बाजूला राहिलं की दूध चढावर जातं, जोर कमी होतो आणि जास्तीचं दूध ओठाच्या कडेने गळून जातं. मानेवर हात ठेवून डोकं दाबू नका, खांद्यांना आधार द्या. डुलकी लागेल असं वाटलं तर बाळ आधी दुसऱ्याकडे द्या.
ढेकराचं सांगते. बाळ शांत पीत असेल तर ढेकरासाठी मध्येच सोडवू नका, रडून ते आणखी हवा गिळेल. ठसका लागून सोडलं किंवा बाजू संपली की काढा. खांद्यावर घेताना तिची हनुवटी तुमच्या खांद्याच्या वर येऊ द्या, नाक मोकळं, पोट खांद्याच्या हाडाला किंचित दाबलेलं. एक हात ढुंगणाखाली, दुसऱ्याने कंबरेपासून वर चोळत या. मांडीवर बसवत असाल तर अंगठा आणि बोटं जबड्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, गळ्याला स्पर्श नको, आणि तिला जरा पुढे झुकवा. बाळ मुटकुळं होऊन बसलं तर पोट दबतं, ढेकराऐवजी दूधच वर येतं. पाठ सरळ करा, बऱ्याचदा तेवढ्यावर ढेकर येतो. ५ मिनिटांत नाही आला तर सोडून द्या. अर्धा तास थोपटून काही साधत नाही.

बालरोग_ठाणे
वरचं बहुतेक मान्य. ढेकराबद्दल एक: चंडीगडच्या पीजीआयमधल्या अभ्यासात (२०१५) ढेकर काढल्याने रडण्याचा त्रास कमी झाला नाही, उलट दुधाच्या गुळण्या वाढल्या. अंगावर पिणारी बाळं तशीही कमी हवा गिळतात. काढा, पण त्यावर फार आशा लावू नका. बऱ्याच बाळांत क्रमही उलटा असतो, आधी रडणं, मग गिळलेल्या हवेने पोट गच्च.
संध्याकाळच्या रडण्याचा जोर साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. त्यामुळे दूध पाजण्याची पद्धत सुधारल्यावरही काही रडणं राहू शकतं.
आता बाटली. लेबलवर घटक वाचा. डायसायक्लोमाइन लिहिलेलं असेल तर ती बाळापासून लांब ठेवा. सहा महिन्यांखालच्या बाळात त्याने श्वास थांबल्याची उदाहरणं आहेत. नुसतं सिमेथिकोन असेल तर धोका जवळजवळ नाही, पण साध्या गोड पाण्याहून जास्त फायदाही दिसलेला नाही.
बाळगुटी नको. किती उगाळलं जातं याचा काही भरवसा नाही, जायफळाने बाळ गुंगतं आणि आपल्याला वाटतं पोट शमलं. सहाण आणि पाणी यांतून जंतू जातात तो भाग वेगळा. मध तर वर्षभर नाहीच. हिंग बेंबीभोवती लावणं एकवेळ ठीक, पाजायचा मात्र नाही. तेलात कापूर अजिबात नको, त्याने झटके येऊ शकतात.

गोदाकाठ
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गुटी चालत आलीय, कुणाला काही झालं नाही. आणि वाल-कोबीचं काय?

बालरोग_ठाणे
कोबीचा वारा आईच्या आतड्यातच होतो, तो दुधात उतरत नाही. आईच्या खाण्यातला खरा संशयित म्हणजे गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन. पण तेही शीमध्ये रक्त किंवा सतत शेंबडासारखा चिकट भाग, अंगावर इसब असं दिसलं तर. मग डॉक्टरांशी बोलून आईने दूध, दही, पनीर, खवा २ ते ४ आठवडे पूर्ण बंद करून बघायचं आणि फरक पडला तर पुन्हा सुरू करून खात्री करायची. मुक्ताच्या बाबतीत नुसत्या हिरव्या शीवरून बाळंतिणीचं दूध-तूप तोडू नये.
डॉक्टरकडे कधी, ते सांगतो. त्याच दिवशी दाखवायचं म्हणजे वेळ न बघता. तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. हिरव्या पित्ताची उलटी. प्रत्येक पाजण्यानंतर दूरवर उडणारी उलटी, आणि उलटी झाल्यावर लगेच पुन्हा भूक. शीमध्ये रक्त. टाळू फुगलेली. बाळ मलूल, पीत नाही, उठवून उठत नाही. शूचे लंगोट दिवसाला सहापेक्षा कमी. श्वासाला त्रास होत असेल किंवा ओठ निळे पडले तर १०८.
रडणं रोजच्यापेक्षा वेगळं, तीव्र आणि अचानक सुरू झालं तर बाळाला पूर्ण उघडं करून बघा. जांघेत टणक गाठ आहे का, मुलगा असेल तर अंडकोश सुजलाय का. हातमोजे-पायमोजे काढून प्रत्येक बोट तपासा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, एखादा केस बोटाला गुंडाळून बसतो आणि बोट लालनिळं होतं. हे मोज्याच्या आत राहून जातं.
आणि हातात घेऊन तुमचाच तोल जाऊ लागला तर बाळाला पाठीवर, पाळण्यात ठेवा आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. जोरात हलवणं कधीही नाही.

सायली_पुणे
माझा ७ आठवड्यांचा, अंगावरच पितो. सहा दिवस शीच नाही. एरंडेल देऊ का?

बालरोग_ठाणे
एरंडेल नको. या वयात अंगावर पिणाऱ्या बाळाला आठवडाभर शी न होणं चालतं, मात्र झाल्यावर ती मऊ हवी आणि बाळ हसतंखेळतं, पीत असावं. पोट फुगून ताठ झालं, उलट्या झाल्या, किंवा जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांनंतर झाली होती, तर दाखवा.

मुक्ता_नाशिक
बाटलीवर डायसायक्लोमाइनच होतं. फेकली. रेलून पाजायला लागल्यापासून ठसका बराच कमी झालाय आणि शी पिवळी होतेय. संध्याकाळचं रडणं आहेच, पण आधीएवढं लांबत नाही. एका बाजूला टणक गाठ लागते, दुखते. ताप नाही. त्या प्रोबायोटिक थेंबांबद्दलही कुणीतरी सांगितलं.

स्वाती_स्तनपान
गाठ आलेली बाजू पुढच्या वेळी आधी द्या, नंतर गार कापडाचा शेक. रगडू नका. कातडी लाल झाली, ताप-थंडी आली, किंवा दिवसभरात उतरली नाही तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. शूचे लंगोट मोजत राहा. ते कमी झाले तर एकच बाजू देणं थांबवा. थेंब मी सुचवणार नाही, आधी पकड पूर्ण जमू द्या.

बालरोग_ठाणे
थेंबांबाबत माझं थोडं वेगळं मत. अंगावर पिणाऱ्या बाळांत लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जातीचा काहीसा फायदा काही अभ्यासांत दिसलाय, सगळ्यांत नाही. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिले तर तीन आठवडे देऊन बघता येतील. लेबलवर तीच जात आहे ना, ते बघा. दुकानात प्रोबायोटिक म्हणून काहीही हातात देतात.