एअर फ्रायर: कुरकुरीत होतंय की नुसतं वाळतंय?

बटाटेवडी
लेकाने एअर फ्रायर घेऊन दिला. पहिल्याच रविवारी कटलेट केले: चार बटाटे, मटार, गाजर, थोडं बीट, वरून ब्रेडचा चुरा. 200 वर 20 मिनिटं ठेवले. चुरा पांढराफटक, कडांना भेगा, घास घशात अडकतोय. सासूबाई म्हणाल्या, "आधी पाण्याचा तांब्या आण गं." वापरणाऱ्यांनी अनुभव लिहा, माप आणि वेळेसकट. फसलेलेही चालतील, नव्हे तेच आधी लिहा.

खमंग_काकू
चुरा पांढरा राहिला म्हणजे त्याला तेल पोचलंच नाही. कढईत कणाकणाला तेल लागतं, इथे नुसता गरम वारा फिरतो. कोरडा चुरा त्यात आणखी कोरडा होतो, तळला जात नाही. मी अर्धी वाटी चुऱ्याला दोन चहाचे चमचे तेल चोळते आणि तव्यावर मंद आचेवर बदामी होईतो परतते. रंग तिथेच येतो. मग कटलेट कॉर्नफ्लॉवरच्या पातळ पेस्टीत बुडवून त्या चुऱ्यात घोळवायचे, 190 वर 10 ते 12 मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे.

आणि 20 मिनिटं कशाला? आतलं सगळं उकडलेलंच आहे, फक्त गरम व्हायचंय. भेगांचं म्हणाल तर सारणच कोरडं असणार. थापताना कडेला चीर पडली की तिथेच थांबा आणि अजून थोडा बटाटा कुस्करून घाला. चीर तशीच ठेवली तर आतली वाफ तिथूनच निघून जाते.

बिनतेलवाला
उगाच तेल तेल काय? मी फ्राइज शून्य तेलात करतो, पाकीट फोडायचं, ओतायचं, झालं. एकदम कडक.

खमंग_काकू
भाऊ, पाकिटावरचे घटक वाचा. ते फ्राइज कारखान्यात आधीच तेलातून काढलेले असतात. घरचा बटाटा चिरून तसाच टाकून बघा, चामडं होईल.

एडिसनची_सून
खरंय, माझं चामडं झालं होतं. आता बोटाएवढे जाड काप अर्धा तास गार पाण्यात ठेवते, पंचावर पसरून अगदी कोरडे पुसते. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा तेल, तेही वरून ओतून नाही, पातेल्यात घेऊन हाताने चोळून. आधी 160 वर 12 मिनिटं, म्हणजे आतून शिजतात, मग 200 वर 7-8 मिनिटं रंगापुरते. मीठ शेवटी. (आमच्याकडे आकडे फॅरनहाइटमध्ये, 320 आणि 390 समजा.) बटाटे फ्रिजमधले नकोत. एकदा आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेले वापरले, तर आत कच्चे असतानाच बाहेरून काळपट झाले आणि चवीला गोडसर.

कोथरूडकर
कांदाभजीचं कोणी लिहिलं नाही? मी केली. बेसनाचं पीठ जाळीतून गळून खाली बसलं, त्याचं धिरडं झालं. धिरडं बरं होतं.

खमंग_काकू
😄 सैल पिठाचं काम कढईचंच. तिथे पीठ तेलात पडताक्षणी धरतं, इथे धरायच्या आत गळतं.

भेंडीप्रेमी
आमच्याकडे रोज भेंडीच. पाव किलो धुऊन रात्रीच पुसून ठेवतो, सकाळी उभी चिरतो, दीड चमचा तेल, हळद, तिखट, चमचाभर तांदळाचं पीठ. 180 वर 12 मिनिटं, सहाव्या मिनिटाला टोपली हलवायची. एकदा मीठ आधी घातलं तर पाणी सुटलं, भेंडी आधी लिबलिबीत आणि मग वाळकी झाली. टोपलीही अर्धीच भरायची. घाईत सगळी अर्धा किलो कोंबली त्या दिवशी वरची करपली, मधली वाफवली. पालकाची पानं टाकू नका, उडून वर कॉइलला चिकटतात. घरभर वास.

नवखी
यात कालची पोळी गरम होते का? आमच्या मायक्रोवेव्हमध्ये वातड होते.

भेंडीप्रेमी
होते, पण दोन मिनिटांत खाकरा.

बिनतेलवाला
फ्रायर आधी रिकामा तापवायलाच हवा, नाहीतर काही कुरकुरीत होत नाही. हे तरी मान्य करा.

एडिसनची_सून
कटलेटला मी तापवते, फ्राइजना नाही. मला तरी फरक कळला नाही.

खमंग_काकू
मला कळतो. गार टोपलीत कटलेटचा तळ चिकटतो.

बटाटेवडी
आज परत केले. चुरा तेलात परतून, 190 वर 11 मिनिटं. वरून छान बदामी, आत मऊ. सासूबाईंनी तीन खाल्ले, पाणी मागितलं नाही. पण ताटलीत काढून ठेवले तर पाच मिनिटांत खालची बाजू मऊ पडली. आता जाळीवर ठेवून बघते. तुम्ही कशावर काढता?