मदत हवी आहे: आतड्याची सूज उतरून सात आठवडे झाले तरी अण्णा मऊ भातावरच, तीळ-शेंगदाणे कायमचे बंद का?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. माझे वडील, अण्णा, वय ६१. संक्रांतीला तिळाच्या वड्या आणि भाजलेल्या शेंगा नेहमीसारख्याच खाल्ल्या. दोन दिवसांनी संध्याकाळी डाव्या बाजूला ओटीपोटात दुखायला लागलं. आधी गॅस समजून ओवा दिला, पण रात्री थंडी वाजून ताप १०१ वर गेला. सकाळी मिरजेला नेलं. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याला छोट्या पिशव्या झालेल्या दिसल्या. डाव्या बाजूच्या पिशव्यांना सूज होती, पू झालेला नव्हता आणि आतडं फुटलेलंही नव्हतं. तीन दिवस ॲडमिट होते, मग घरी आले.

अडचण पथ्याची आहे. सर्जन जाताजाता म्हणाले, "पंधरवड्यात हळूहळू भाकरीवर या." डिस्चार्जच्या कागदावर मात्र "बियांचे पदार्थ, शेंगदाणे टाळा" असं लिहिलंय. आत्यानं तो कागद वाचला आणि अण्णांच्या मनात बसलं की तिळाचा दाणा अडकूनच हे झालं. तेव्हापासून दोन्ही वेळा मऊ भात, पातळ वरण, दूध, चहा-बिस्कीट. भाजी नाही, फळ नाही. वजन ६८ वरून ६३ झालंय. शौचाला तिसऱ्या दिवशी होते, तीही खडा. दुखत मात्र नाही. हे पथ्य बरोबर आहे का? तीळ-शेंगदाणे आयुष्यभर बंद करायचे का? आमच्या घरात शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ताट होत नाही, म्हणून मनापासून विचारते.

वाळव्याचा_दादा

ताई, फायबर कमी पडलंय, दुसरं काही नाही. इसबगोल आणि गव्हाचा कोंडा सुरू करा. दुखत असतानासुद्धा द्यावा, मळ पुढे सरकला की सूज आपोआप उतरते. बिया मात्र खरंच टाळा. वांग्याचं बी, टोमॅटोचं बी, पेरू, तीळ, सगळं बंद. माझ्या मामांना मोठ्या डॉक्टरांनी पंधरा वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. मामांनी पाळलं आणि परत कधी त्रास झाला नाही.

मिरज_लोकल

माझं उलटं झालं होतं. उजव्या बाजूला दुखायला लागलं, सगळे अपेंडिक्स म्हणाले, ऑपरेशनची तयारीसुद्धा झाली. स्कॅन केल्यावर कळलं की अपेंडिक्स ठीक आहे, उजव्या बाजूच्या आतड्यातली पिशवी सुजली आहे. तुमच्या वडिलांचं अपेंडिक्स तपासलं का? माझ्या मते ते आधी बघा.

सातारा_आहार

मी साताऱ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, असे रुग्ण नेहमी येतात. आधी मिरजकरांना: आपल्याकडच्या लोकांत उजव्या बाजूच्या पिशव्या पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतात, म्हणून तुमच्यासारखा गोंधळ होतो. पण अण्णांचं दुखणं डावीकडे होतं आणि स्कॅन झालेला आहे, तेव्हा तो प्रश्न इथे नाही.

ताई, तुमच्या घरी दोन वेगळी पथ्यं एकात मिसळली आहेत. सूज असतानाचं जेवण आणि सूज उतरल्यावरचं जेवण जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध असतं. अण्णा पहिल्याच पथ्यात अडकून राहिलेत.

दुखणं आणि ताप असताना आतड्याला काम कमी द्यायचं. भाताच्या पेजेची निवळ, गाळलेलं मुगाचं पाणी, शहाळं, पातळ ताक. एक-दोन दिवसांत दुखणं कमी व्हायला लागलं की मऊ भात, साल काढलेल्या मुगाचं वरण, साल-बी काढून शिजवलेला दुधी. दादा, कोंडा या काळात नको. फायबर वाईट म्हणून नाही, सुजलेल्या जागी फुगारा आणि कळ वाढते म्हणून. अशा वेळी मळ पुढे ढकलून सूज उतरवायची नसते. आणि ३ ते ५ दिवसांत निवळीवरून मऊ भातावर येता आलं नाही, तर घरी वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं.

हा मऊ भात पायरी म्हणून असतो, मुक्काम करायला नाही. पांढऱ्या भातात फायबर जेमतेम असतं. तुम्ही सांगितलेल्या जेवणातून दिवसाला आठ-दहा ग्रॅमच्या वर जात असेल असं वाटत नाही, आणि गरज २५ ते ३० ची आहे. मळ कडक होतो, जोर करावा लागतो, आतड्यातला दाब वाढतो. तेव्हा खडा होणं हा पथ्याचा गुण समजू नका.

एक विचारते: ते गुडघेदुखीसाठी गोळ्या घेतात का?

कृष्णाकाठची

हो! तुम्हाला कसं कळलं? द्राक्षबागेत वर्षानुवर्षं वाकून काम केल्यानं गुडघे गेलेत. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणतात. संक्रांतीच्या आधीचे दहा-बारा दिवस रोज घेत होते.

सातारा_आहार

म्हणूनच विचारलं. या वयात गुडघ्याच्या गोळ्या बहुतेक घरांत असतात. या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी अशी सूज येण्याचा आणि आतडं फुटण्याचाही धोका वाढतो. तिळावर आळ घेण्याआधी या गोळ्यांकडे बघायला हवं होतं. त्यांनीच झालं असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

आता बियांचं. बारीक दाणा पिशवीच्या तोंडात अडकतो आणि तिथे सूज येते, ही कल्पना ऐकायला इतकी पटते की पिढ्यान् पिढ्या डॉक्टरांनीही सांगितली. ती तर्कातून आलेली होती. २००८ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला. सुमारे ४७ हजार पुरुषांचं खाणं-पिणं आणि आजार १८ वर्षं नोंदवलेले होते. नट्स आणि पॉपकॉर्न आठवड्यातून दोनदा किंवा जास्त खाणाऱ्यांत ही सूज वाढलेली दिसली नाही, उलट थोडी कमीच दिसली. त्यानंतर अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेत नट्स आणि पॉपकॉर्न सरसकट बंद करायला सांगू नका असं म्हटलं.

त्या अभ्यासाची मर्यादाही सांगते. सुरुवातीला ज्यांना हा आजार नव्हता अशाच लोकांना त्यात घेतलं होतं. एकदा सूज येऊन गेलेल्या माणसाला दाणे देऊन कुणी तपासलं, असं ते नव्हतं. तरीही बंदीच्या बाजूनं दाखवण्यासारखा पुरावा नाही, आणि बंदीमुळे शेंगदाणे, तीळ, जवस, पेरू, वांगी असं फायबरचं अर्धं ताट उचललं जातं. तो तोटा तुमच्या घरात दिसतोच आहे.

वाळव्याचा_दादा

मग मामांना पंधरा वर्षं काही झालं नाही ते कसं?

सातारा_आहार

दादा, मामा जपून राहिले याचा आदरच आहे. पण एकदा सूज आलेल्या पुष्कळ लोकांना ती पुन्हा येतच नाही, काहीही खाल्लं तरी. मामांनी बिया खाल्ल्या असत्या तर काय झालं असतं, हे कळायला मार्ग नाही. तुम्ही इसबगोल म्हणालात ते मात्र बरोबर आहे, फक्त वेळ आत्ताची, दुखत नसतानाची.

ताई, सर्जनना दाखवून मग असं करा. आठवड्याला पाचेक ग्रॅम फायबर वाढवा, त्याहून घाई नको. पहिला आठवडा फक्त दुपारच्या भाताऐवजी एक ज्वारीची भाकरी. पन्नासेक ग्रॅम पिठाची भाकरी झाली की पाच ग्रॅम आले. आमटीत कुस्करून दिली तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात वाटीभर शिजलेली भाजी आणि एक फळ. तिसऱ्यात सालीच्या मुगाची अर्धी वाटी उसळ. चौथ्यात चमचाभर शेंगदाण्याची चटणी, आधी बारीक कुटलेली. चटणी शेवटी ठेवते ती धोक्याची म्हणून नाही, अण्णांची भीती मोडायला वेळ लागेल म्हणून. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार नसेल तर पाणी दिवसाला दोन-सव्वादोन लिटर. फायबर वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर खडा आणखी कडक होतो.

आणि कोलोनोस्कोपीची तारीख दिली आहे का? पहिली सूज उतरून सहा ते आठ आठवड्यांनी ती करून घ्यायला सांगतात, कारण स्कॅनमध्ये जाड दिसलेला भाग सुजेचाच होता, गाठ नव्हती, याची खात्री करायची असते. सात आठवडे झालेत, आता विचारा.

कृष्णाकाठची (२४ दिवसांनी)

उशिरा लिहिते, माफ करा. सर्जननी भाकरीला होकार दिला. बियांचं विचारल्यावर म्हणाले, तो कागद जुना छापील नमुना आहे, मनावर घेऊ नका. कोलोनोस्कोपी झाली. पिशव्या आहेत, बाकी काही सापडलं नाही.

पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्यात मी चूक केली. अण्णा खुश दिसले म्हणून भाजीबरोबर मटकीची मोठी वाटीभर उसळही दिली. रात्रभर पोट फुगलं, डावीकडे दुखलं. मी आणि आई दोघीही घाबरलो. ताप नव्हता, उलटी नव्हती, सकाळी वारा सरला आणि दुखणं गेलं. तीन दिवस परत भाकरी-वरणावर आणलं. आता रोज सकाळी पोट साफ होतं. वजन ६४.

एक विचारायचं राहिलं. अशा दुखण्यात गॅस कुठला आणि सूज कुठली, हे रात्री दोन वाजता कसं ओळखायचं?

सातारा_आहार

घरून शंभर टक्के ओळखता येत नाही. वारा सरल्यावर किंवा शौचाला झाल्यावर उतरणारं दुखणं बहुधा गॅसचं. एकाच जागी ठाण मांडून तासागणिक वाढणारं, चालताना किंवा खोकताना टोचणारं असेल तर लगेच निवळीवर या आणि सकाळी डॉक्टरांकडे जा. ताप, सतत उलट्या, पोट लाकडासारखं कडक होणं, शौचातून रक्त किंवा लघवीतून हवेचे बुडबुडे दिसले तर सकाळचीही वाट बघू नका.

मटकी नंतर पुन्हा द्या, दोन चमच्यांपासून.

मिरज_लोकल

मला तर सहा वर्षांनीही टोमॅटोच्या बिया खाल्ल्या की जड वाटतं. ते खोटं कसं म्हणू?

सातारा_आहार

खोटं नाही. तुम्हाला जड वाटत असेल तर नका खाऊ. पण त्यानं सूज येईल या भीतीनं शेजाऱ्यालाही बंद करायला सांगू नका.

कृष्णाकाठची

चटणीचा आठवडा सोमवारी सुरू होतोय. अण्णा म्हणतात, शेंगदाण्याची एक चमचा खाईन, तीळ मात्र पुढच्या संक्रांतीला बघू. आई आत्तापासून खलबत्ता घासून बसलीय.