व्हॅलिडेशन लॉस वर वळला की मॉडेल मेलं? सोयाबीनच्या पानांवरून पेटलेला वाद

बांधावरचा_कोडर (मूळ पोस्ट)
नवशिक्यांनो, दोन रेघा बघायच्या, बस. ट्रेनिंग लॉस खाली चाललाय आणि व्हॅलिडेशन लॉस वर वळला, की त्या एपॉकला मॉडेल मेलं. तिथंच थांबवा. ॲक्युरसी वाढतेय वगैरे मनाचे खेळ आहेत, तिकडं बघूच नका.

काळी_माती, परभणी
रात्रीचे साडेअकरा झालेत, पण "मॉडेल मेलं" वाचल्यावर झोप कसली लागतेय. मागच्या खरिपात हाच नियम पाळून मी कामाचं मॉडेल फेकून दिलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

सोयाबीनची पानं, वर्ग दोनच: पिवळा मोझॅक आहे किंवा नाही. व्हॅलिडेशनला 200 फोटो. `val_loss` पाचव्या एपॉकला 0.43 वर तळाला होता, तिथून चढत चौदाव्याला 0.56. ट्रेनिंग लॉस तोवर 0.05 च्या खाली. म्हणजे चित्र अगदी तुम्ही सांगता तसं. पण बरोबर ओळखलेले फोटो पाचव्याला 164 होते आणि चौदाव्याला 172.

हे कसं होतं ते कागदावर मांडून बघा. खऱ्या वर्गाला मॉडेलनं जी शक्यता दिली, तिचा नॅचरल लॉग घेऊन चिन्ह बदललं की त्या फोटोचा लॉस. पाचव्या एपॉकला बरोबर आलेल्या फोटोंवर मॉडेल साधारण 0.75 म्हणायचं, म्हणजे प्रत्येकी 0.29. चुकलेल्या 36 फोटोंवरही खऱ्या वर्गाला 0.35 तरी द्यायचं, प्रत्येकी 1.05. सरासरी 0.43. चौदाव्याला बरोबर आलेल्या 172 वर 0.98, प्रत्येकी जेमतेम 0.02. पण चुकलेल्या 28 वर खऱ्या वर्गाला फक्त 0.02, प्रत्येकी 3.9. आता 28 गुणिले 3.9 म्हणजे 109, आणि उरलेल्या 172 फोटोंचे सगळे मिळून साडेतीन. म्हणजे ती चढणारी रेघ 200 फोटोंची नव्हतीच, 28 फोटोंची होती.

मग हे ओव्हरफिटिंग नाही का? आहे. पण ते आत्मविश्वासाचं आहे. मॉडेल कमी चुकतंय, पण चुकतंय तेव्हा छातीठोकपणे चुकतंय. हे काही माझ्याच नशिबी आलेलं नाही. गुओ आणि मंडळींनी 2017 च्या पेपरात हेच दाखवलंय: लॉस बिघडत जातो आणि चुकांचं प्रमाण तरीही सुधारत राहतं. म्हणून आधी ठरवा, आकडा वापरायचा कशाला. शेतकऱ्याला नुसतं "आहे" किंवा "नाही" सांगायचं असेल तर मी चौदावा घेईन. "0.9 च्या वर आलं तरच पांढऱ्या माशीवर फवारा" असा उंबरठा लावणार असाल, तर चौदाव्याच्या 0.98 वर माझा काडीचा विश्वास नाही.

आणि ओव्हरफिटिंग लवकर ओळखायचं असेल, तर वळणाची वाट बघणं म्हणजेच उशीर. तिसऱ्या ते पाचव्या एपॉकमध्ये माझा ट्रेनिंग लॉस 0.41 वरून 0.30 वर आला, व्हॅलिडेशन 0.44 वरून 0.43. एक रेघ अकरा पावलं उतरली, दुसरी एकच. खूण तिथं होती, वळण नंतर आलं.

बांधावरचा_कोडर
वा, प्रबंधच लिहिलात. पोस्ट नवशिक्यांसाठी होती, पीएचडीवाल्यांसाठी नाही. आणि तुम्हीच म्हणताय "ओव्हरफिटिंग आहे". मग माझं चुकलं कुठं?

काळी_माती
"तिकडं बघूच नका" इथं चुकलं.

उदगीरचा_पोऱ्या
दादा, मी पहिल्यांदाच करायलोय. माझं तर सगळं उलटंच दिसायलंय. पहिल्या एपॉकला ट्रेनिंग लॉस 0.71 अन् व्हॅलिडेशन 0.58. व्हॅलिडेशन खालीच हाय की. मॉडेल उलटं शिकायलंय का?

गोदाकाठ, नांदेड
डेटा लीक आहे. तेच फोटो दोन्हीकडं गेलेत. पहिल्यापासून कर.

काळी_माती
लीकची शंका घ्यावीच, पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. ट्रेनिंग लॉस मोजताना ड्रॉपआऊट चालू असतो, फोटो फिरवलेले-कापलेले असतात. शिवाय तो आकडा अख्ख्या एपॉकची सरासरी असतो, म्हणजे सुरुवातीचं अडाणी मॉडेलही त्यात धरलेलं असतं. व्हॅलिडेशन मोजतात एपॉक संपल्यावर, ड्रॉपआऊट बंद करून, साध्या फोटोंवर. पहिल्या दोन-तीन एपॉकला ते खाली असणं नेहमीचं आहे. पोऱ्या, खात्री करायची तर एपॉक संपल्यावर ट्रेनिंगच्याच फोटोंवर `model.evaluate` चालव, फोटो न फिरवता. तो आकडा 0.58 च्या जवळ आला तर काळजी सोड.

गोदाकाठ
बरं. पण शेवटपर्यंत खालीच राहिला तर माझं ऐकावं लागेल. एकाच झाडाचे पाच-पाच फोटो काढायचे, मिसळून वाटून टाकायचे आणि मग म्हणायचं रेघ सुंदर आली. आमच्याकडं एका प्रोजेक्टात हेच झालं. दोन्ही रेघा हातात हात घालून खाली, आणि दुसऱ्या गावच्या शेतात मॉडेल तोंडावर आपटलं. वाटणी शेतानुसार केली तेव्हा कुठं व्हॅलिडेशनची रेघ खरं बोलायला लागली.

काळी_माती
याला मात्र शंभर टक्के हो.

बालाघाट_77, बीड
आमचं अर्ली स्टॉपिंग महावितरण करतं. नवव्या एपॉकला लाईट गेली.

चहा_कमी_साखर
कशाला एवढं लॉग-बिग? ओव्हरफिटिंग म्हणजे आपला लातूर पॅटर्न. घोकायचं, पेपरात ओकायचं, बाहेरचा प्रश्न आला की दांडी गुल.

मांजराकाठ, लातूर
आलं का लातूरवर! काय माहितीये हो तुम्हाला? मी त्याच पॅटर्नमधून आलोय. रोज चाचणी, चुकलेला प्रश्न वहीत, आठ दिवसांनी तोच मुद्दा नव्या प्रश्नातून. याला घोकंपट्टी म्हणतात? पुण्यातली पोरं करतात तो "अभ्यास" आणि आमची करतात ते "पाठांतर", हे कोणी ठरवलं?

चहा_कमी_साखर
पुण्याचं नाव कोणी काढलं? मी जालन्याचा आहे. माझ्या भाच्याला चाचणीत नव्वदच्या खाली कधी पडले नाहीत, खऱ्या परीक्षेत साठ. त्याला म्हणतात ओव्हरफिट.

मांजराकाठ
भाचा कोणत्या क्लासला होता ते विचारत नाही. पण तिथं दर रविवारी जुन्याच संचातले प्रश्न फिरवत असतील, पैजेवर सांगतो. म्हणजे पोरगं नाही, चाचणी बिघडलेली होती.

काळी_माती
भांडा, पण मांजराकाठ नकळत मुद्द्याचं बोलून गेले. व्हॅलिडेशनचे तेच 200 फोटो घेऊन मी लर्निंग रेट बदलला, थर बदलले, पन्नासेक वेळा ट्रेनिंग केलं, आणि दर वेळी ज्या एपॉकला रेघ सगळ्यात खाली तो उचलला. मॉडेलनं ते फोटो शिकायला कधीच घेतले नाहीत, पण मी तर पन्नास वेळा बघितले. रविवारचा तोच पेपर झाला तो. म्हणून एक वेगळं शेत कुलपात ठेवायचं आणि शेवटी एकदाच उघडायचं.

मांजराकाठ
नकळत नाही, कळून बोललो. लातूरच्या माणसाला कळून बोलताच येत नाही असं वाटतं का?

चहा_कमी_साखर
घ्या. आता सॉरी म्हणा त्यांना.

काळी_माती
सॉरी. "कळून" वाचावे.

आकडेमोड, छत्रपती संभाजीनगर
लातूरचं झालं असेल तर मूळ दाव्याकडे येऊ. काळी_माती, तुमचं लॉसचं गणित बरोबर आहे. पण "मॉडेल कमी चुकतंय" हे कशावरून? 200 फोटोंवर 84 टक्क्यांच्या आसपास असताना नुसत्या नशिबानं अडीच टक्के इकडेतिकडे होतात. तुमचा फरक चार टक्क्यांचा. मी यावर चहासुद्धा लावणार नाही.

काळी_माती
फोटो दोन्ही वेळा तेच होते. दोन वेगळ्या नमुन्यांचं माप इथं लावू नका.

आकडेमोड
मान्य. मग बदललेले फोटोच मोजा. पाचव्याला चूक आणि चौदाव्याला बरोबर किती, आणि उलटे किती? 8 सुधारले आणि एकही बिघडला नाही, तर मी गप्प बसतो.

काळी_माती
फाईल उघडली. 14 सुधारले, 6 बिघडले.

आकडेमोड
नाणं 20 वेळा उडवलं तर 14-6 किंवा त्याहून एकतर्फी निकाल नऊ वेळांतून एकदा सहज पडतो. म्हणजे "चौदाव्याला बिघडलं नाही" एवढं म्हणा. "सुधारलं" म्हणू नका.

काळी_माती
बरं, "बिघडलं नाही". शिक्षक लोक रात्रीसुद्धा पेपर तपासतात.

बांधावरचा_कोडर
म्हणजे पाचव्याला थांबला असता तरी नुकसान शून्य होतं. माझा नियम जिंकला, फक्त चार तास आणि एक लातूर खर्ची पडलं.

काळी_माती
तुमच्या नियमानं तुम्ही पाचव्याला थांबला नसताच. `val_loss` दुसऱ्या एपॉकला किंचित वर उडाला होता, 0.47 वरून 0.49, मग परत खाली. "वळला की थांबवा" म्हणजे दुसऱ्यालाच दुकान बंद. केरासमध्ये काही न सांगता EarlyStopping लावलं तर `patience` शून्य असतो, तेही तसंच करतं. वर ते थांबतं तेव्हा वजनं शेवटच्या एपॉकची ठेवतं, सगळ्यात चांगल्याची नाही. निदान एवढं लिहा:

```python
EarlyStopping(monitor="val_loss", patience=5,
              restore_best_weights=True)
```

बांधावरचा_कोडर
`restore_best_weights` मुळात बंद असतं?

गोदाकाठ
😂

बांधावरचा_कोडर
हसू नका. दोन वर्षं झाली लावतोय. बरं, ते 28 फोटो शेवटी काय निघाले?

काळी_माती
हे आधी विचारायला हवं होतं. लॉसच्या उतरत्या क्रमानं लावून एकेक उघडले. 11 फोटोंत पान पिवळं, पण शिरा हिरव्यागार. तो मोझॅक नाहीच. चुनखडीच्या रानात लोह मिळत नाही तेव्हा सोयाबीन अशी पिवळी पडते. लेबल लावणाऱ्यानं मोझॅक म्हणून टाकलेली, मॉडेल ठामपणे "नाही" म्हणत होतं. म्हणजे त्या 11 वर मॉडेल बरोबर आणि आम्ही चूक, आणि रेघ वर नेली त्यांनीच.

आकडेमोड
मग तुमचे 164 आणि 172 दोन्ही चुकीचे. लेबलं दुरुस्त करून परत मोजा.

गोदाकाठ
आणि ट्रेनिंगमध्येही तसलीच लेबलं असणार. पाचव्यानंतर ट्रेनिंग लॉस उतरत होता तो तीच पाठ करत असेल.

काळी_माती
असेल. ट्रेनिंगचे 1,600 आहेत, अजून उघडले नाहीत.

उदगीरचा_पोऱ्या
दादा, `evaluate` चालवलं. ट्रेनिंगवर 0.57 आलं. अन् शिरा हिरव्या असलेले फोटो माझ्याकडं बी लई हायत, म्या सगळे मोझॅकमध्येच टाकलेत. आता बसून काढायलोय.

बालाघाट_77
लाईट आली. चेकपॉइंट ठेवला नव्हता. पहिल्या एपॉकपासून.