मदत हवी आहे: गच्चीच्या स्लॅबचं दर चौरस मीटर वजन काढताना जाडी कुठली धरायची?

साखळीकरीण

नमस्कार. आमचं घर साखळीला, चिऱ्यांच्या भिंती आणि वर आर.सी.सी. स्लॅब. बाबांनी बांधलं त्याला आता तीस वर्षं होतील. गेल्या पावसात हॉलच्या छताला ओल आली. ठेकेदार म्हणतो, जुना कोबा तसाच ठेवून वर चार इंचांचा नवा ब्रिकबॅट कोबा घालू. मला भीती वजनाची वाटते, म्हणून आधी स्लॅबचं स्वतःचं वजन काढायला बसले.

जुन्या नकाशात स्लॅब ५ इंच लिहिलाय, म्हणजे साधारण १२५ मिमी. पण भावाने पावसाच्या पाइपच्या भोकातून पट्टी घालून मोजलं तर वरपासून खालपर्यंत २२५ मिमी भरलं! ०.१२५ × २५ केलं तर ३.१२५ किलोन्यूटन येतं, ०.२२५ × २५ केलं तर ५.६. दोन्हींत जवळजवळ दुपटीचा फरक. खरं कुठलं? हॉल ३.६ × ४.५ मीटर आहे.

कुडचडेचो_राजू

ताई, सोपं आहे. काँक्रीटचे २४ धरा आणि सळ्यांचं वजन वेगळं मिळवा. लोखंड खूप जड असतं, ते विसरून चालणार नाही. आमच्या साइटवर घनमीटरला ८० किलो सळई पडते.

पणजी_जुना_इंजिनिअर

राजू, सळईचा आकडा बरोबर आहे, पण म्हणूनच ती वेगळी मिळवायची गरज नाही. ८० किलो लोखंड म्हणजे घनमीटरमधली जेमतेम एक टक्का जागा. ती जागा काँक्रीटऐवजी लोखंडाने घेतली की २४ चे साडेचोवीस होतात. आय.एस. ४५६ मध्ये साध्या काँक्रीटला २४ आणि सळईच्या काँक्रीटला २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरायला सांगितलंय, त्या २५ मध्ये सळई आलीच. वर पुन्हा मिळवली तर दोनदा मोजली.

ताई, तुमच्या भावाने मोजलं ते छान केलं, पण ते २२५ एका मालाचे नाहीत. पाइपच्या भोकाची कड ब्रशने साफ करा आणि टॉर्च मारून बघा. थर रंगावरून कळतात. वर राखाडी घोटीव कातडी, खाली विटांचे लाल तुकडे, मग खडी दिसणारं घट्ट राखाडी काँक्रीट, सगळ्यात खाली पांढरट प्लास्टर. लाल जिथे संपतं तिथे खिळ्याने ओरखडा ओढा आणि प्रत्येक थर वेगळा मोजा. खडीचा भाग तेवढा स्लॅब. बाकीच्यांना २५ लावायचे नाहीत.

फोंडा_उतारछप्पर

माझा पण हाच प्रश्न आहे. आमचा स्लॅब उतरता आहे, वर मंगलोरी कौलं. जाडी १२५ मिमी, उतार ३० अंशांचा. मी ३.१२५ धरलं ते बरोबर ना?

पणजी_जुना_इंजिनिअर

तुमचा प्रश्न वेगळा आहे हो, पण थोडक्यात सांगतो. ३.१२५ हे उतारावरच्या एका चौरस मीटरचं वजन झालं. खालच्या खोलीच्या चौरस मीटरवर त्यापेक्षा जास्त काँक्रीट असतं, कारण उतारामुळे स्लॅब लांब होतो. म्हणून ३० अंशांच्या कोसाइनने, ०.८६६ ने भागा, ३.६ येईल. जाडी स्लॅबला काटकोनात मोजलेली हवी. उभी मोजली असेल तर भागाकार करू नका, कारण ती वाढ उभ्या मापात आधीच आलेली असते. कौलांचं वजन वेगळं.

साखळीकरीण

काका, बघितलं! अगदी तुम्ही म्हणालात तसेच थर दिसले. वरची कातडी धरून कोबा १०० मिमी, खडीचा थर ११५, खाली प्लास्टर १०. म्हणजे स्लॅब नकाशापेक्षा १० मिमी पातळच निघाला. वजन कमी झालं, ही चांगली गोष्ट ना?

पणजी_जुना_इंजिनिअर

वजनाच्या हिशोबाला हो, ताकदीच्या हिशोबाला नाही. आधी वजन बघू.

```
स्लॅब    ०.११५ × २५ = २.८७५
कोबा     ०.१०० × २० = २.०
प्लास्टर  ०.०१० × २० = ०.२
एकूण     ५.०७५ किलोन्यूटन प्रति चौ.मी.
```

तुमची गच्ची वापरातली, तिच्यावर माणसं, वाळवणं वगैरेंचे १.५ धरतात. एकूण साडेसहा झाले. आता ठेकेदाराचा चार इंच कोबा आणखी २ टाकतो, म्हणजे साडेआठ. भार जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढला. ३.६ × ४.५ च्या हॉलवर हे २ म्हणजे ३२ किलोन्यूटन, सुमारे तीन टनांहून जास्त. आणि हे वजन कायमचं, पावसाळ्यात ओलं झालं की थोडं वाढणारं.

आता पातळ स्लॅबचं. सळई खालच्या बाजूला साधारण २० मिमी आत असते. नकाशाप्रमाणे तिच्यावर १०५ मिमी खोली मिळायची, तुमच्याकडे ९५ मिळते. तेवढ्याच सळईला वाकण्याची ताकद जवळजवळ दहा टक्के कमी. स्लॅबच्या वजनात २.८७५ विरुद्ध ३.१२५ असा पाव किलोन्यूटन वाचला, तो ही तूट भरून काढायला पुरेसा नाही. एका भोकावर विसंबू नका. दुसरीकडेही मोजा, फळ्या वाकल्या असतील तर मधोमध जाडी जास्त निघते.

कुडचडेचो_राजू

काका, मग वजन किलोत का नाही सांगत? आम्ही स्लॅबचं २५०० किलोने गुणतो. ०.११५ ला २८७ किलो येतं. तुमच्या २.८७५ चे ९.८१ ने भागून २९३ येतात. कुठलं बरोबर?

पणजी_जुना_इंजिनिअर

दोन्ही चालतात. २५ किलोन्यूटन म्हणजे २५४८ किलो, म्हणून सहा किलोंचा फरक. पाच मिमी जाडी चुकली तर साडेबारा किलो चुकतात, तेव्हा जीव जाडीच्या मापात लावा.

चिरेबंदी_म्हापसा

ताई, जुन्यावर नवा कोबा नकोच. आमच्याकडे पण असंच गळायचं. जुना काढला, उतार नीट करून नवा घातला, वजन तेवढंच राहिलं. पण ब्रेकर लावलेला मला आवडला नाही, छताचं प्लास्टर खाली पडलं. शेवटी हातोडी-छिन्नीने तोडलं, आठ दिवस गेले. आणि मुळात गळती पाइपच्या गळ्याशी होती, पूर्ण कोबा काढायची गरजच नव्हती असं आता वाटतं.

साखळीकरीण

आमच्याही पाइपच्या तोंडाशी पालापाचोळा साचतो, मागच्या पावसात दोनदा पाणी तुंबलं होतं.

पणजी_जुना_इंजिनिअर

मग तेही वजनच. १०० मिमी पाणी म्हणजे १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, अर्धा कोबा. कठडा जेवढा उंच तेवढं पाणी चढू शकतं, म्हणून पाइप बंद पडला तर दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला भोक ठेवा. हे कोबा ठरण्याआधी करा.

ताई, छताला ओल आली तिथलं प्लास्टर काठीने वाजवून बघा. पोकळ वाजतं का? तांबूस डाग आहेत का? सळई गंजून फुगली असेल तर वरचे सगळे आकडे चांगल्या स्लॅबचे ठरतात.

साखळीकरीण

वाजवलं. हॉलच्या मधोमध दोन फूट जागा पोकळ वाजते, कडेला नाही. एक लांब तांबूस रेघ पण आहे. ठेकेदाराला सांगितलं, तो म्हणतो प्लास्टर करून घेऊ, त्यात काही नाही.

पणजी_जुना_इंजिनिअर

त्याला थांबवा. पोकळ भाग उघडून सळईचा व्यास मोजल्याशिवाय वर एक पाटीही चढवू नका. १० मिमीची सळई होती असं नकाशात आहे का? तो भाग उघडल्यावर व्यास आणि दोन सळ्यांमधलं अंतर इथे टाका.

साखळीकरीण

नकाशात आहे, पण आकडा पुसट झालाय, ८ की १० ते कळत नाही. रविवारी भाऊ येतोय, तेव्हा उघडतो.