अनुभव धागा: मोबाइल बाजूला ठेवून मुलांना कुठं नेलंत, आणि ती खरंच रमली का?

राजारामपुरीची आई
सुरुवात मीच करते. मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी तेरा. पहिला प्रयत्न पन्हाळ्याचा. फोन घरी ठेवले, गडावर दोन दिवस राहिलो. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, सगळं दाखवलं. ह्यांनी इतिहास सांगितला आणि पोरं भिंतीला टेकून बसली. चूक गडाची नव्हती. त्यांच्या हाताला काही कामच नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत गुऱ्हाळावर गेलो. त्याच्याआधी एकदा जाऊन आलो होतो, पण ती भेट वीस मिनिटांची: रस प्यायला, रील काढली, गाडीत बसलो. या वेळी नवऱ्याच्या मित्राच्या गुऱ्हाळावर सकाळी सातला पोचलो आणि पूर्ण काहिल उतरेपर्यंत हललो नाही. मुलगा चुलवाणात चिपाड घालायला बसला. जाळ कमी झाला की गुळव्याची हाक यायची, "ए पावणं, जाळ!" अडीच-तीन तास त्याला मान वर करायला सवड मिळाली नाही. मुलगी भेंडीच्या पाण्यानं मळी वर कशी येते ते बघत उभी. उतरायची वेळ आली तेव्हा गुळव्यानं पाण्यात थेंब टाकून बोटानं गोळी वळून दाखवली. मग तिनं चार वेळा स्वतः करून बघितली. चौथ्यांदा तो म्हणाला, "आता आलं." दुसऱ्या दिवशी पोरं आपणहून पुन्हा जाऊया म्हणाली.

गुऱ्हाळवाला, करवीर
ताई, बरोबर केलंत. पण वाचणाऱ्यांना एक सांगतो. काहिलीच्या काठाला पोरांना उभं करू नका. उकळता रस अंगावर उडाला तर चिकटून बसतो, कातडी सोलते. जाळ घालायला दूरचं तोंड असतं, तिथंच बसवा, आणि चप्पल नको, बूट पाहिजेत. ढेपा बांधायच्या वेळी मदतीला घेतलं तरी चालतं, तोवर गूळ कोमट झालेला असतो. आणि आधी विचारून या. हंगामात आमची लई धांदल असते. माणूस नुसता बघायला आला की गुळव्या वैतागतो. कामाला आला की मात्र चहा देतो.

दोन मुलांचा बाबा
इतकं कशाला? जिथं रेंज नाही तिथं न्यायचं, झालं. आम्ही दाजीपूरला गेलो, फोनला फार काही नव्हतंच.

राजारामपुरीची आई
दादा, आमच्या भावजयीनंही हेच केलं. भाच्यानं आदल्या रात्री अख्खी मालिका डाऊनलोड करून ठेवलेली. गवा रस्त्यात उभा होता तेव्हा कार्टं मागच्या सीटवर हेडफोन लावून! रेंज नसली तर नेट बंद होतं, फोन नाही.

निवृत्त मास्तर
माझ्या सौ. दिवसभर व्हॉट्सॲपवर असतात. त्यांच्यासाठी काही उपाय आहे का?

राधानगरीकडचा
मास्तर, वहिनींसाठी वेगळा धागा काढा. मुलांसाठी माझं म्हणणं, मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस जोर धरायच्या आधी राधानगरीच्या बाजूला काजवे बघायला या. अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. इथं फोन बंद करा म्हणून ओरडावं लागत नाही, कारणच समोर असतं. नर चमकून मादीला हाक देतो आणि ती चमकून उत्तर देते. आपला स्क्रीन किंवा बॅटरी पेटली की त्यांचं बोलणं तुटतं. फोनवर फोटोही धड येत नाही, नुसता काळा चौकोन. गेल्या वर्षी एका मुलीनं तीन वेळा प्रयत्न केला, मग वैतागून फोन आईच्या पिशवीत टाकला. नंतर ती एका झाडाचा चमकायचा ताल मोजत बसली. पाऊस आला तर मात्र रात्र फुकट जाते, हे मान्य करूनच या.

सोळा वर्षांची, आईच्या नावानं लिहितेय
गुऱ्हाळाच्या ट्रिपला मी पण होते, मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर. खरं सांगू? पहिल्या संध्याकाळी खिशाकडं हात जात होता. मला स्नॅपचॅटच्या स्ट्रीकची काळजी. एक दिवस चुकलं की ती तुटते, आणि माझी दोनशेच्या पुढं होती. आईनं जायच्या आधीच "मैत्रिणींना सांगून ठेव" म्हटलं असतं तर भांडण झालं नसतं. आणि रात्री मैत्रिणीचे पप्पा "ऑफिसचं आहे" म्हणून फोन बघत बसले होते. ते आम्ही सगळ्यांनी बघितलं.

दोन मुलांचा बाबा
हे मला लागलं. मी पण तसंच केलं होतं. पुढच्या वेळी साधा बटणांचा एकच फोन नेऊ म्हणतो, आजीच्या तब्येतीसाठी. पण क्लासचे निरोप ग्रुपवर येतात, ते दोन दिवस कुणी बघायचं?

राजारामपुरीची आई
मी शेजारणीला बघायला सांगितलं होतं. ती विसरली, आणि सोमवारची टेस्ट बुडाली. तुमच्याकडं दुसरं काही असेल तर सांगा.