मदत हवी आहे: महिन्याच्या बिलाच्या ईमेलमध्येच फी वाढ कळवायची आहे, मसुदा बघाल का?

मीठमोहरी

नमस्कार मंडळी. मी नाशिकहून फ्रीलान्स काम करते. कोल्हापूरकडची एक मसाले करणारी कंपनी माझी रिटेनर क्लायंट आहे. महिन्याला २५,००० रुपये, त्यात त्यांचं सोशल मीडिया आणि वेबसाइटवरचा मजकूर. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेला हा आकडा अजून तसाच आहे, काम मात्र तेवढंच राहिलेलं नाही. तेव्हा बारा पोस्ट ठरल्या होत्या. आता रीलची स्क्रिप्ट, पाककृती, प्रदर्शनाचं पत्रक, शिवाय रविवारी रात्री "ताई, एवढं जरा बघता का" असतंच.

मला ३०,००० करायचे आहेत. बिल दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला अकाउंट्सच्या मेलवर जातं. सप्टेंबरचं बिल ३० तारखेला जाईल, त्यातच वाढ कळवावी म्हणते. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे आणि वर्षातलं सगळ्यात जास्त काम त्याच महिन्यात असतं, म्हणून नवा दर ऑक्टोबरपासूनच लागू व्हावा अशी इच्छा आहे. करारात एक ओळ आहे: "अटींमधील कोणताही बदल ३० दिवसांच्या लेखी सूचनेने करता येईल." माझी जीएसटी नोंदणी नाही, उलाढाल वीस लाखांच्या बरीच खाली आहे. दहा टक्के टीडीएस कापून २२,५०० जमा होतात.

मसुदा असा:

> विषय: सप्टेंबर २०२५ चे बिल
>
> महोदय, सोबत सप्टेंबर महिन्याचे बिल जोडले आहे. वाढता खर्च व कामाची वाढलेली व्याप्ती लक्षात घेता पुढील बिलिंग सायकलपासून माझ्या फीमध्ये सुधारणा करणे भाग पडत आहे. सुधारित फी रु. ३०,००० राहील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. कृपया सहकार्य करावे.

जाणकारांनी बघून सांगावं.

चहाबाज

"भाग पडत आहे", "क्षमस्व", "सहकार्य करावे" हे तिन्ही उडवा. पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची नोटीस वाटते. अडीच वर्षांनी फी वाढवताय, गैरसोय कसली?

कोकणकडा

करार तुमच्याच बाजूने आहे. ईमेल म्हणजे लेखी सूचनाच. ३० सप्टेंबरला पाठवला की ३० ऑक्टोबरला तीस दिवस भरतात आणि तुमचं पुढचं बिल ३१ ऑक्टोबरचं. त्यात बिनधास्त ३०,००० लावा. कोणी विचारलं तर कराराची ओळ दाखवा.

हिशेबवही

मी बरीच वर्षं एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये होतो, म्हणजे असले ईमेल येतात त्या टेबलावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकणकडा, ईमेल लेखी सूचना धरायला हरकत नाही, तिथपर्यंत बरोबर. पण ३१ ऑक्टोबरचं बिल कशाचं? ऑक्टोबरच्या कामाचं. ते काम झालं सूचनेच्या मुदतीत, म्हणजे जुन्या दराने. मुदत बिलाच्या तारखेला संपून उपयोग नाही, काम सुरू होण्याआधी संपायला हवी. ३० सप्टेंबरला कळवलं तर नवा दर १ नोव्हेंबरच्या कामापासून, आणि तो दिसेल पहिल्यांदा ३० नोव्हेंबरच्या बिलात. ताईंनी आज ईमेल टाकला तरी तीस दिवस ऑक्टोबरच्या शेवटाकडेच जातात. ऑक्टोबरपासून हवं असेल तर सूचना देऊन होणार नाही, मालकांची संमती घ्यावी लागेल. दोघं राजी असतील तर मुदत सोडून देता येते.

म्हणूनच "पुढील बिलिंग सायकल" हे शब्द काढा. तुम्ही काम झाल्यावर बिल करता. तुमच्या मनात सायकल म्हणजे कामाचा महिना, अकाउंटंटच्या मनात सायकल म्हणजे बिल आल्याची तारीख. "१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या कामासाठी" असं लिहिलं की दुसरा अर्थ निघत नाही.

आता त्याहून मोठी गोष्ट. तो ईमेल वाचतो कोण? आमच्याकडे बिलाचा ईमेल आला की मुलगा जोडलेली पीडीएफ उघडायचा, बिल नंबर, रक्कम, पीओ म्हणजे खरेदी आदेशाचा नंबर बघायचा आणि एंट्री मारून पुढे. वरचा मजकूर वाचायची पद्धतच नव्हती. वाचला तरी फी मान्य करायचा अधिकार त्याच्याकडे कुठे? मग दोन महिन्यांनी वाढीव बिल येतं, तो पीओशी ताडून बघतो, जुळत नाही, बिल बाजूला पडतं. साहेबांना विचारलं तर साहेब म्हणतात, "मला कोणी सांगितलं नाही." आणि ते खरं असतं.

ताई, तुमच्या बिलावर पीओ नंबर असतो का? आणि पीओवर नेमकं काय लिहिलंय?

मीठमोहरी

असतो. एप्रिल ते मार्चचा एकच पीओ, एकूण ३,००,००० रुपये. महिन्याचा दर वेगळा लिहिलेला नाही, "सोशल मीडिया व मजकूर सेवा, वार्षिक" एवढंच.

हिशेबवही

मग तर जास्त सांभाळा. दर लिहिलेला असता तर वाढीव रकमेचं पहिलंच बिल अडलं असतं आणि तुम्हाला लगेच कळलं असतं. इथे एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचे १,७५,००० जातील, उरतील १,२५,०००. नोव्हेंबरपासून ३०,००० ची चार बिलं मुकाट पास होतील, १,२०,०००. मार्चच्या बिलाला पीओत फक्त ५,००० शिल्लक, आणि तेही वर्षअखेरीच्या धावपळीत. म्हणून त्याच ईमेलमध्ये पीओ ३,२५,००० चा करून मागा. सुधारित पीओ हातात आला की वाढ मंजूर झाल्याचा कागदही तोच.

डोंबिवली_फास्ट

माझाही असाच त्रास चालू आहे. क्लायंटने जूनपासून बिलच दिलेलं नाही. उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे ना? व्याजही लावता येतं म्हणे. ताई, तुम्ही पण व्याज लावा.

मीठमोहरी

माझे पैसे वेळेवर येतात हो, तक्रार नाही. फक्त वाढवायचे आहेत.

हिशेबवही

डोंबिवलीकर, ४५ दिवस ही लेखी करार असेल तर जास्तीत जास्त मर्यादा आहे, करार नसेल तर १५ दिवस. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

निळी_शाई

विषयांतर, पण दहा टक्के टीडीएस का? माझा क्लायंट अशाच कामावर एकच टक्का कापतो, कॉन्ट्रॅक्ट म्हणून. ताई, फी वाढवण्याआधी तेच बोला ना. २५,००० चे २४,७५० हातात पडतील.

हिशेबवही

व्यावसायिक सेवा धरली तर दहा, कंत्राट धरलं तर व्यक्तीला एक. जाहिरात आणि मजकुराच्या कामात दोन्ही बाजूंनी वाद घालणारे सीए मी पाहिलेत. पण कापलेला टीडीएस रिटर्न भरताना तुमच्याच खात्यात धरला जातो, ती काही फी नव्हे. फीच्या बोलण्यात हे आणलं तर साहेब म्हणतील, "चला, टीडीएस कमी करतो, झालं ना समाधान?"

निळी_शाई

मान्य. पण दर महिन्याला हातात किती येतात यावरच घर चालतं, तेही बघा.

मीठमोहरी

सगळ्यांचे आभार. नवा मसुदा टाकते. हा मालकांच्या ईमेलवर, अकाउंट्सला प्रत. बिलाची पीडीएफ अकाउंट्सला नेहमीसारखी वेगळीही पाठवेन.

> विषय: सप्टेंबर २०२५ चे बिल (रु. २५,०००) आणि १ नोव्हेंबरपासून नवीन मासिक फी
>
> नमस्कार साहेब,
>
> सप्टेंबरचे बिल सोबत आहे. रक्कम नेहमीप्रमाणे रु. २५,०००. ऑक्टोबरच्या कामाचे बिलही याच दराने येईल.
>
> १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या कामासाठी माझी मासिक फी रु. ३०,००० असेल. एप्रिल २०२३ मध्ये महिन्याला बारा पोस्ट ठरल्या होत्या. आता त्यासोबत रीलची स्क्रिप्ट, वेबसाइटवरच्या पाककृती आणि प्रदर्शनांची पत्रके नियमित असतात. नव्या फीमध्ये हे सर्व धरले आहे.
>
> चालू पीओ रु. ३,००,००० चा आहे. नोव्हेंबर ते मार्चसाठी तो रु. ३,२५,००० करून द्यावा ही विनंती. टीडीएस नेहमीच्या पद्धतीने.
>
> याबद्दल बोलायचे असल्यास या आठवड्यात फोन करते.

चहाबाज

हा जमला. आकडा विषयातच आलाय हे उत्तम.

कोकणकडा

माझं बिलाच्या तारखेचं गणित चुकलं होतं, हिशेबवही म्हणतात ते पटलं. तरी "नव्या फीमध्ये हे सर्व धरले आहे" मला खटकतं. उद्या आणखी काही वाढलं तर तेही "सर्व" मध्येच येईल. संख्या टाका.

हिशेबवही

संख्या टाकाच. आणि साहेबांना ईमेलच्या आधी फोन करा. मालकाला फी वाढ अकाउंटंटच्या तोंडून कळली की नसलेला राग येतो. बँकेत तुमच्या नावाने दरमहा २२,५०० ची स्थायी सूचना लावून ठेवलीय का, तेही विचारा. असेल तर नोव्हेंबरच्या बिलाचेही २२,५०० च येतील आणि ४,५०० मागत बसावं लागेल.

मीठमोहरी

फोन झाला. साहेब चिडले नाहीत, पण घासाघीस केलीच: "ऑक्टोबरपासून लगेच २८,००० घ्या, नाहीतर नोव्हेंबरपासून ३०,०००. तुम्ही सांगा." स्थायी सूचना आहे, ती अकाउंट्सवाले बदलतील. आता काय करू? दिवाळीचं काम बघता ऑक्टोबरचे जादा तीन हजार मोह पाडतायत.

निळी_शाई

लगेच मिळतायत ते घ्या. नोव्हेंबरमध्ये साहेबांचं मन बदललं तर?

हिशेबवही

मार्चपर्यंत २८,००० प्रमाणे सहा महिन्यांचे १,६८,००० होतात. दुसऱ्या पर्यायात ऑक्टोबरचे २५,००० आणि पुढच्या पाच महिन्यांचे दीड लाख, म्हणजे १,७५,०००. डिसेंबरचं बिल आलं की दुसरा पर्याय पुढे जातो. शिवाय एप्रिलला पुढचं बोलणं २८ वरून सुरू होणार की ३० वरून, ते बघा. मन बदलायची भीती असेल तर सुधारित पीओ ऑक्टोबरातच हातात घ्या.

चहाबाज

किंवा नोव्हेंबरपासून ३०,००० आणि दिवाळीच्या जादा कामाचं ऑक्टोबरात वेगळं बिल. विचारून तर बघा.

मीठमोहरी

वेगळ्या बिलाचं डोक्यातच आलं नव्हतं. पण ते पीओत कुठे बसवायचं? हिशेबवही, आहात का?