प्रतिसाद : ५१४ चा नंबर

> आमच्या गावात सिम घेताना शेवटी ४२० नको म्हणतात. पण नुसत्या उच्चारासाठी नंबर टाळतात का कुठं?

टाळतात ना भाऊ, चीनमध्ये. आपलं ४२० फसवणुकीच्या जुन्या कलमातून आलं. आवाजाचा त्यात संबंध नाही. तिथं मात्र सगळा खेळ कानाचा आहे. चार म्हणजे 'स्स', आणि मरणालाही 'स्स'च. फरक फक्त सुराच्या चढउताराचा.

खरी गोम फोनवर आहे. एक म्हणजे 'यी', सात म्हणजे 'छी'. फोनवर दोन्हींची गल्लत होते, म्हणून नंबर सांगताना एकाला 'याओ' म्हणतात. पण 'याओ' म्हणजे 'हवं' किंवा 'होणार' असंही होतं. त्यामुळे १४ ऐकू येतं 'मरणार' असं. पाच 'वू', तो 'वो' म्हणजे 'मी'च्या जवळचा. म्हणून ५१४ म्हणजे 'मी मरणार'. शेवटी असे आकडे असलेला नंबर दुकानदाराकडे स्वस्तात पडून राहतो, तिथं शुभ मानलेल्या आठाच्या नंबराला जादा पैसे लागतात.

आपल्या वर्धा-यवतमाळकडं नंबर जोडीनं सांगतात, 'अठ्ठ्याण्णव बावीस' असा. सुटे आकडे एकमेकांना चिकटून वाक्य होतच नाही, म्हणून ही भीती इकडं रुजली नसावी असं मला वाटतं.